डबा एक सांगतो, वेबसाइट दुसरंच: बाजारात असलेल्या ब्रँडची तपासणी कशी करतात

संत्रा बर्फीचा एक डबा घ्या. डब्यावर निव्वळ वजन छापलंय 400 ग्रॅम. त्याच मिठाईवाल्याच्या वेबसाइटवर मजकुरात 400 ग्रॅमच लिहिलंय, पण वरच्या फोटोत जो डबा दिसतो त्यावर नीट पाहिलं तर 500 वाचता येतं. डीलरांना व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या रेट लिस्टमध्ये अजूनही 500 ग्रॅम आणि जुना भाव. इन्स्टाग्रामवर वजनाचा पत्ता नाही, फक्त नवा भाव. यातली एकेक वस्तू सुटी पाहिली तर कुणालाच काही खटकत नाही. डबा छान आहे, वेबसाइट छान आहे, रेट लिस्टही कामचलाऊ आहे. घोळ दिसतो तो चारही शेजारी-शेजारी ठेवल्यावर.

ब्रँडची सुसंगती तपासणं म्हणजे मुळात हे शेजारी ठेवणं. बहुतेक लोक मात्र ही तपासणी लोगोपासून सुरू करतात. लोगो इथे डावीकडे आहे, तिथे मध्यभागी. नारंगी इथे गडद, तिथे फिका. ते चुकीचं नाही, पण ते शेवटी करायचं काम आहे. आधी तपासायची ती माहिती: नाव, वजन, भाव, पत्ता, टिकण्याची मुदत. मग दिलेलं वचन. आणि मग दिसणं. हा क्रम उलटा केला की महिनाभर रंगावर चर्चा होते आणि रायपूरचा डीलर जुन्या वजनावर ऑर्डर घेत राहतो.

उदाहरणासाठी नागपूरचा एक मध्यम आकाराचा मिठाईचा धंदा डोळ्यांसमोर ठेवू. महालात जुनं दुकान, धरमपेठेत दुसरं, हिंगणा एमआयडीसीत काही वर्षांपूर्वी हलवलेलं उत्पादन, प्रवाशांसाठी डबाबंद संत्रा बर्फी, आणि छिंदवाडा-रायपूरपर्यंत डीलर. नाव घेत नाही. अशा काही धंद्यांतले तपशील मी एकत्र केले आहेत.

फाईल मागू नका, माल विकत घ्या

तपासणी सुरू झाली की मालक हमखास म्हणतात, "डिझायनरला सांगतो, सगळं फोल्डर पाठवून देईल." ते फोल्डर घ्या आणि बाजूला ठेवा. त्यात असतं ते ठरवलेलं. आपल्याला हवं आहे ते बाजारात पोचलेलं, आणि या दोहोंत अंतर असतंच. डिझायनरच्या फाईलमध्ये वजन कधीच सुधारलेलं असतं, पण प्रिंटरकडे जुन्या फाईलवरून पुन्हा डबे छापले जातात, कारण मागच्या वेळच्या प्लेट तयार होत्या आणि फोनवर कुणीतरी "तेच पुन्हा मारून द्या" म्हटलं होतं.

म्हणून डबे विकत आणायचे. महालातून एक, धरमपेठेतून एक, स्टेशनजवळच्या एखाद्या टपरीवजा दुकानातून एक, आणि एक वेबसाइटवरून, अनोळखी नावाने ऑर्डर करून. ऑनलाइनचा डबा येतो तेव्हा त्यासोबत काय काय येतं तेही जपून ठेवायचं: बाहेरचं खोकं, आतलं बिल, ऑर्डर लागल्याचा मेसेज, त्या मेसेजमधलं कंपनीचं नाव. बिलावर बऱ्याचदा प्रोप्रायटरशिपचं भलतंच नाव असतं, जे ग्राहकाने आयुष्यात ऐकलेलं नसतं. घरी खोकं आल्यावर आजी विचारते, "हे कोणाचं पार्सल आलं?" इतका तो फरक असतो.

विक्रीचं साहित्य मिळवणं सर्वांत अवघड. ऑफिसात मागितलं तर नवी रेट लिस्ट हातात देतात. सेल्समनच्या फोनमध्ये काय आहे ते वेगळंच असतं. त्याच्यासोबत अर्धा दिवस इतवारीत फिरायचं आणि तो दुकानदाराला नेमकी कोणती पीडीएफ पाठवतो, तोंडाने काय सांगतो ते पाहायचं. एकाने मला आपल्या फोनवरच्या तीन रेट लिस्ट दाखवल्या होत्या. "भाऊ, जी पार्टी जुनी आहे तिला जुनी पाठवतो. तिला नवी समजत नाही जी." त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्याला ऑर्डर आणायची होती.

वेबसाइटसाठी एक साधी युक्ती आहे. मेन्यूतून दिसणारी पानं तपासून थांबू नका. जुनी, मेन्यूतून काढलेली पानं सर्चमध्ये जिवंत असतात. गूगलवर असं टाकलं की त्या साइटवरची ती ती वाक्यं असलेली पानं समोर येतात:

```
site:example.com "500 ग्रॅम"
site:example.com "500 g"
```

`example.com` च्या जागी आपला पत्ता. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळी ऑफरचं पान असंच सापडतं, ज्यावर अजून "ऑर्डर करा" हे बटण चालू असतं. मात्र फोटोतला मजकूर यात सापडेल अशी खात्री धरू नका. फोटो डोळ्यांनीच पाहावे लागतात.

गूगल मॅपवरची दुकानाची नोंद विसरू नका. तिथली वेळ, फोन नंबर, फोटो यांत कुणीही बदल सुचवू शकतो, आणि काही बदल मालकाच्या नकळत लागूही होतात. बाहेरून आलेला प्रवासी तुमच्या वेबसाइटवर जाण्याआधी तीच नोंद पाहतो.

एका ओळीत एकच गोष्ट

आता तक्ता. आडव्या ओळींत तपासायच्या गोष्टी, उभ्या रकान्यांत जागा: डबा, वेबसाइट, सोशल मीडिया, रेट लिस्ट आणि कॅटलॉग, दुकानाचा काउंटर. प्रत्येक चौकटीत "बरोबर" किंवा "चूक" लिहायचं नाही. तिथे जे छापलंय ते जसंच्या तसं उतरवायचं, अगदी स्पेलिंगसकट. "संत्रा बर्फी", "संत्री बर्फी", "ऑरेंज बर्फी" असं तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं असलं तर तसंच. ही शिस्त पाळली नाही तर तपासणारा आपल्या डोक्यात दुरुस्ती करून वाचतो आणि फरक नजरेतून निसटतो. घरच्या माणसाला तर तो दिसतच नाही, कारण त्याला खरं काय ते माहीत असतं. म्हणून तक्ता भरायला धंद्याबाहेरचा माणूस बसवावा, निदान पहिल्यांदा तरी.

तक्ता भरून झाला की प्रत्येक ओळीपुढे निवाडा द्यायचा: सगळीकडे सारखं, मुद्दाम वेगळं, की नकळत वेगळं झालेलं. कुठे ती गोष्ट मुळातच नसेल तर तीही नोंद करायची, जसं इन्स्टाग्रामवर वजन नव्हतं. सगळी मेहनत "मुद्दाम" आणि "नकळत" यांतला भेद ओळखण्यात आहे. तो कागदावरून कळत नाही, माणसांना विचारावा लागतो: हे इथे असं का आहे? कुणाला कारण सांगता आलं तर मुद्दाम. "असंच आहे आधीपासून" हे उत्तर आलं तर नकळत.

वजनाची ओळ

आपल्या उदाहरणात सगळ्यात जड निघाली ती वजनाची ओळ. ती नीट उलगडून पाहू.

आधी 500 ग्रॅमचा डबा 400 रुपयांना होता. खवा आणि संत्र्याचा गर महागला तेव्हा भाव वाढवण्याऐवजी मालकांनी डबा लहान केला: 400 ग्रॅम, 360 रुपये. म्हणजे आधी ग्रॅमला 80 पैसे पडत होते, आता 90. धंद्याच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. नवा डबा छापला गेला, त्यावर ग्रॅममागचा भावही आला. पॅकबंद मालावर एमआरपीसोबत तो छापावा लागतो. डब्यापुरतं सगळं चोख.

वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला फोन गेला: "भाव 360 करून टाक." त्याने भाव बदलला. काही दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून मजकुरातलं वजनही बदललं. फोटो राहिला, कारण नवा फोटो काढायला फोटोग्राफर लागतो. आता ग्राहकाला काय दिसतं पाहा: 500 ग्रॅमच्या डब्याचा फोटो आणि 360 रुपये. हिशेब 72 पैशांचा. घरी येतो 400 ग्रॅमचा डबा. मजकुरात खरं लिहिलं होतं हे खरं, पण माणूस फोटो पाहून ऑर्डर करतो. त्याला डबा हलका लागतो, आणि "वजन कमी भरतात" अशी समीक्षा पडते. डब्यात पूर्ण 400 ग्रॅम असतात. चुकतो तो फोटो, आणि बट्टा लागतो तो वजनकाट्याला.

रेट लिस्टमध्ये उलटा घोळ. तिथे 500 ग्रॅम आणि 400 रुपये. रायपूरच्या डीलरने त्यावरून ऑर्डर दिली, मार्जिन काढलं, पुढच्या दुकानदारांना भाव कळवला. माल आला तो 400 ग्रॅमचा, एमआरपी 360 छापलेला. छापील एमआरपीच्या वर विकता येत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब मोडला. त्याने फोन केला तेव्हा सेल्समनने समजूत काढून थोडी सूट दिली. ऑफिसात या सूटची नोंद "डीलर नाराज" अशी झाली. "रेट लिस्ट चुकीची" अशी झाली नाही.

आणि एक अडचण पुढे आली. गोडाऊनमध्ये 500 ग्रॅम छापलेले जुने डबे उरले होते. मालकांचा पहिला विचार: वजनावर स्टिकर मारून टाकू. ते करता येत नाही. पॅकबंद वस्तूंसाठीच्या 2011 च्या वजनमापे नियमांनुसार छापील बंधनकारक माहिती स्टिकर लावून बदलायला मनाई आहे. सवलत आहे ती फक्त एमआरपी कमी करायला, आणि तेव्हाही मूळ एमआरपी स्टिकरखाली झाकता येत नाही. म्हणजे जुन्या डब्यात 500 ग्रॅम भरून जुन्याच भावाने विकायचं, नाहीतर डबे रद्दीत. हा खर्च वजन बदलण्याच्या दिवशीच मोजायला हवा होता.

अशा ओळी शोधायचा एक स्वस्त मार्ग आहे: ऑर्डरच्या व्हॉट्सॲप नंबरवर येणारे प्रश्न वाचणं. "हा डबा किती ग्रॅमचा?", "किती दिवस टिकते?", "हे महालवालेच का?" एकच प्रश्न वारंवार येत असेल तर त्याचं उत्तर एक तर कुठेच लिहिलेलं नाही, किंवा दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलेलं आहे. ग्राहक तुमची तपासणी फुकटात करत असतो.

मुदत आणि पत्ता

टिकण्याच्या मुदतीची ओळ लहान, पण धोक्याची. डब्यावर 20 दिवस, वेबसाइटवर 30. शोधलं तर कळलं की 30 दिवस हे पूर्वी बनवल्या जाणाऱ्या व्हॅक्यूम पॅकचे होते. तो प्रकार बंद झाला, वाक्य राहिलं. पुण्याला पाठवलेला डबा पंचविसाव्या दिवशी उघडून कुणी खाल्ला आणि त्रास झाला, तर तो माणूस वेबसाइटचा स्क्रीनशॉट दाखवेल. काउंटरही तपासायचा, कारण सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर "बेस्ट बिफोर" तारीख लावणं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. तीच बर्फी ट्रेमध्ये कमी दिवसांची आणि डब्यात जास्त दिवसांची असू शकते, पॅकिंगमुळे. ते मुद्दाम वेगळं. फक्त काउंटरवरच्या मुलाला त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

पत्त्याचं तसंच. डब्यावर उत्पादनाचा पत्ता महालचा, माल बनतो हिंगण्यात. हा नुसता जुना पत्ता नव्हे. खाद्यपदार्थांचा 14 आकडी परवाना त्या त्या जागेचा असतो. जागा बदलली की परवान्यातही ते उतरावं लागतं. डब्यावरचा क्रमांक सरकारच्या `FoSCoS` पोर्टलवर टाकून पाहता येतो. तो कोणत्या नावावर आणि कोणत्या पत्त्यावर निघतो हे पाहायला पाच मिनिटं लागतात. अशा ओळी सापडल्या की त्या डिझायनरकडे नेऊ नका, सीएकडे किंवा परवान्याचं काम पाहणाऱ्याकडे न्या.

वचन कुठे फाटतं

माहितीनंतर वचन. प्रत्येक ठिकाणी हा ब्रँड स्वतःबद्दल सर्वांत मोठ्याने काय सांगतो, ते एका वाक्यात लिहून काढायचं. आपल्या उदाहरणात वेबसाइट म्हणत होती "वर्षभर ताज्या संत्र्यांची बर्फी". इन्स्टाग्रामवर सोनेरी रिबिनीतले डबे, "भेट द्यावी तर अशी". डीलरांच्या हिंदी कॅटलॉगवर मोठ्या अक्षरांत "सबसे सस्ती संतरा बर्फी".

पहिलं वाक्य नागपुरात कुणी ऐकून घेणार नाही. इथे संत्र्याचे दोन बहार: आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. मे महिन्यात कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग नसतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हा वापरला जातो तो साठवलेला गर, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही; तो हंगामातच काढलेला असतो. पण "ताजं" या शब्दाला अन्नाच्या जाहिरात आणि दाव्यांच्या 2018 च्या नियमांत मर्यादा आहे. धुणं, सोलणं, कापणं, थंड करणं अशा किरकोळ क्रियांपलीकडे प्रक्रिया झालेल्या पदार्थाला तो लावता येत नाही. डब्यावर घटकांत "संत्र्याचा गर" असं सरळ लिहिलेलंच होतं. म्हणजे डबा प्रामाणिक आणि वेबसाइट फुशारकी मारणारी. असा फरक सापडला की नेहमी दोहोंतलं खरं असेल त्या बाजूला यायचं, देखणं असेल त्या बाजूला नाही. वाक्य बदलून "हंगामात काढलेल्या संत्र्याच्या गराची बर्फी" झालं. माझ्या मते ते आधीच्यापेक्षा जास्त नागपुरी आहे.

"सबसे सस्ती" हे मात्र जास्त खोल गेलेलं दुखणं. ग्राहकाला आपण भेटवस्तू म्हणून विकतो आणि डीलरला स्वस्त म्हणून. डीलरने तेच वाक्य पोस्टरवर लावलं आणि रायपूरच्या दुकानात डबा रिबिनीसकट सवलतीच्या टोपलीत जाऊन पडला. विक्री विभागाला विचारलं तर ते म्हणाले, डीलर भावाशिवाय काही ऐकतच नाही. ते खरंही असेल. मग डीलरला भावाचंच सांगा, पण त्याच्या भावाचं: मार्जिन किती, डबा किती दिवस टिकतो, मुदत संपलेला माल परत घेता का. "स्वस्त" हा शब्द त्याच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. मार्जिनचा आकडा पोचत नाही.

नारंगीचा प्रश्न

आता रंग. आणि नेमका नारंगी, म्हणून सांगायला हवं. पडद्यावरचा झळझळीत नारंगी, समजा `#FF7A00`, हा प्रकाशातून बनतो. डब्यावरचा नारंगी किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून बनतो. नेहमीच्या चार रंगांच्या छपाईत भडक नारंगी पोचतच नाही. तो थोडा मंद, मातकट होतो. नागपूरच्या अर्ध्याअधिक ब्रँडांना नारंगीच हवा असतो, आणि अर्ध्याअधिक प्रिंटरांशी भांडणं याच कारणाने होतात. "स्क्रीनवर असं नव्हतं दिसून राहिलं!" नव्हतंच, आणि चार शायांत दिसणारही नाही. अगदी तसा हवाच असेल तर पाचवी, तयार मिसळलेली शाई घ्यावी लागते, जसं पँटोन ऑरेंज 021. त्याचा खर्च वेगळा, आणि लहान छपाईत तो परवडेलच असं नाही.

म्हणून तपासताना डबा मोबाइलशेजारी धरू नका. डबा डब्याशेजारी ठेवा. आधीच्या छपाईचा आणि आताच्या छपाईचा, महालचा आणि धरमपेठेचा. हे दोन वेगळे दिसले तर ती खरी त्रुटी, कारण दुकानाच्या फळीवर ते शेजारी-शेजारीच उभे राहणार आहेत. एक जुना झालेला वाटतो आणि गिऱ्हाईक मागचा डबा काढून मागतं. पाहायचं दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ. मिठाईच्या दुकानातल्या पिवळट दिव्याखाली सगळेच नारंगी सारखे दिसतात. कारण बहुधा तीनांपैकी एक निघतं: प्रिंटर बदलला, कागद बदलला (खरखरीत क्राफ्टवर शाई शोषली जाते, चकचकीत पुठ्ठ्यावर नाही), किंवा एकावर मॅट आणि दुसऱ्यावर ग्लॉस लॅमिनेशन चढलं. उपाय म्हणून पास झालेल्या छपाईचा एक डबा सही करून ठेवा आणि पुढच्या वेळी प्रिंटरला फाईलसोबत तोही द्या. शब्दांत रंग सांगता येत नाही.

लोगोबद्दल एवढंच. कॅटलॉगवरचा लोगो कडांना फाटल्यासारखा दिसत असेल तर तो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला आहे. तिथे चित्र दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर तसं होत नाही.

वेगळं असणं म्हणजे चूक नव्हे

इथे तपासणाऱ्याचा हात जरा आवरावा लागतो. तक्ता भरला की सगळीकडे सगळं सारखं करून टाकण्याची खुमखुमी येते. इन्स्टाग्रामवर "काय बाप्पा, दिवाळी आली ना!" असं बोललं जातं, डब्यावर प्रमाण मराठी आहे, डीलरच्या कॅटलॉगात हिंदी. ठेवा तसंच. माणूस लग्नात आणि बँकेत एकाच सुरात बोलत नाही, तरी तो तोच असतो. डब्यावर वऱ्हाडी विनोद छापायचा अट्टहास केला तर मुंबईच्या प्रवाशाला तो कळत नाही, आणि इन्स्टाग्रामवर डब्याची भाषा नेली तर कुणी थांबून वाचत नाही.

दिसण्याची चाचणी घ्यायची तर सोपी आहे. डबा, वेबसाइटची छपाई, चार पोस्ट आणि कॅटलॉगचं पान यांवरचा लोगो आणि नाव कागदाने झाका. त्यांत शेजारच्या दुसऱ्या एखाद्या मिठाईवाल्याच्या दोन-तीन गोष्टी मिसळा. मग बाहेरच्या माणसाला विचारा, यातलं कोणतं कोणतं एका घरचं? आपल्या उदाहरणात डबा आणि वेबसाइट लोकांनी जोडली, पोस्टही जोडल्या, कॅटलॉग मात्र जवळपास सगळ्यांनी परक्याच्या ढिगात टाकला. या चाचणीने ओळख कुठे तुटते ते कळतं, माहिती खरी की खोटी ते कळत नाही. म्हणून ती तक्त्याच्या जागी नाही, नंतर.

फरक शिरतो कुठून

सापडलेल्या प्रत्येक "नकळत वेगळं" ओळीमागे एक प्रश्न: हा मजकूर इथवर कुणाच्या हातून आला? वजनाच्या ओळीचा माग काढला तर असं दिसलं. डब्याचा मजकूर मालकांच्या मुलाकडून प्रिंटरला. वेबसाइट एका फ्रीलान्स मुलाकडे, त्याला सूचना फोनवर. इन्स्टाग्राम एका एजन्सीकडे, ती मजकूर वेबसाइटवरून उचलते. रेट लिस्ट अकाउंटंट बनवतात, मागच्या वर्षीच्या एक्सेलवर आकडे बदलून. या चौघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं. चौघांपैकी कुणीच चुकार नव्हता. बदल झाला की चौघांनाही कळवायचं, हे काम कुणाचंच नव्हतं.

म्हणून दुरुस्तीत सगळ्यात आधी नवं डिझाइन येत नाही. एक पान येतं. प्रत्येक मालाचं नाव (मराठी, हिंदी, इंग्रजी स्पेलिंग ठरवून), वजन, एमआरपी, मुदत, पत्ता, परवाना क्रमांक, आणि दोन-तीन मान्य वाक्यं. त्या पानाचा एकच मालक असतो, बाकी सगळे ते फक्त वाचू शकतात. इथे ते काम अकाउंटंटकाकूंकडे गेलं, कारण भाव बदलल्याचं सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. एजन्सीला हे आवडलं नाही. पण एजन्सी बदलते, काकू बदलत नाहीत.

दुरुस्तीचा क्रम गांभीर्यापेक्षा थोडा वेगळा ठरतो, कारण प्रत्येक वस्तूचा स्वतःचा वेग असतो. वेबसाइटवरची मुदत आणि फोटो त्याच दिवशी बदलता येतात, म्हणून ते लगेच. परवाना आणि पत्त्याचं काम त्याच दिवशी सुरू होतं, पण सरकारी वेळेने संपतं, आणि नवा डबा तोवर छापायला देता येत नाही. पत्ता, क्रमांक आणि रंग हे सगळं मग एकाच छपाईत बसवायचं, तीन वेळा प्लेट करायच्या नाहीत. सोशल मीडियावरच्या जुन्या पोस्ट खोदून बदलत बसायला वेळ घालवू नका; फक्त वर पिन केलेल्या पोस्ट, हायलाइट आणि चालू जाहिराती पाहा.

रेट लिस्टला मात्र इलाज अर्धाच आहे. पाठवलेली पीडीएफ परत मागवता येत नाही. ती डीलरकडून दुकानदाराकडे, तिथून आणखी कुठे फिरत राहते. म्हणून नव्या रेट लिस्टच्या प्रत्येक पानावर, फक्त पहिल्या पानावर नाही, ठळक अक्षरांत "या तारखेपासून लागू" आणि "या तारखेनंतर ग्राह्य नाही" अशा दोन तारखा टाकायच्या. दुकानदार बऱ्याचदा आपल्या मालाचं एकच पान स्क्रीनशॉट करून ठेवतो. आणि ऑर्डर घेताना सेल्समनने भाव विचारण्याआधी तारीख विचारायची. इथल्या सेल्समनने पहिल्याच आठवड्यात विचारली, तेव्हा छिंदवाड्याच्या एका दुकानदाराकडे निघालेली लिस्ट 500 ग्रॅमच्याही आधीची होती.